खोली बारामधलं सॉसेज

बुधवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी नोरीनने घंटा वाजवली आणि सांगितलं की तिच्या ताटातलं सॉसेज कुणीतरी आधी चावून, मग पुन्हा सॉसेजच्या आकारात जमवून ठेवलंय.

तिचं फारसं चुकलं नव्हतं. आमच्या वृद्धाश्रमात ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांचं जेवण दळून येतं. सॉसेज शिजवायचं, दळायचं, त्या लगद्यात दाटपणाची पूड घालायची, आणि रबरी साच्यात भरून त्याचं परत सॉसेज करायचं. गाजराचं गाजर, कोंबडीची तंगडी. मटारचा साचा तर दाणा दाणा वेगळा असलेला. म्हाताऱ्यांना माणसासारखं जेवल्यासारखं वाटावं म्हणून हे सगळं. हे काम मी करतो. माझं नाव डार्सी, वय तेवीस, आणि मी दिवसाला चाळीस सॉसेजं मारून त्यांना पुन्हा जन्माला घालतो. रंग ओल्या सिमेंटचा येतो. वास काल कुत्र्याला घातलेल्या आणि कुत्र्याने नाकारलेल्या जेवणाचा.

नोरीनला मात्र लगदा नकोच होता. तिचे दात शाबूत आहेत आणि जीभ त्याहून धारदार. तिचं खरंखुरं सॉसेज त्या वेळी समोरच्या रांगेत, बारा नंबरच्या खोलीत, क्लेमच्या पोटात जात होतं. क्लेम सत्त्याऐंशीचा. जन्मभर मेंढ्या भादरल्या, मग मेंदूचा झटका आला, आणि गेले अठरा महिने त्याने काही चावलं नव्हतं. नर्स धावत पोचली तेव्हा शेवटचा तुकडा उरला होता. तिने तो काढून घेतला, क्लेमला सरळ बसवलं, तोंड तपासलं, छाती ऐकली, दिवसभर लक्ष ठेवायला सांगितलं. त्याला काहीही झालं नाही. होऊ शकलं असतं. तुकडा श्वासनळीत गेला असता तर क्लेम संपला असता.

"कसं होतं?" मी नंतर त्याला विचारलं.

"थोडं जळकं होतं," क्लेम म्हणाला. "तक्रार नाही."

गुरुवारी सकाळी ग्लेनिसने मला ऑफिसात बोलावलं. ग्लेनिस आमची व्यवस्थापक. ती पुदिन्याच्या गोळ्या चघळते आणि तिच्या ऑफिसात जंतुनाशक आणि पुदिना मिळून असा वास येतो, जणू दात घासताना कुणीतरी मेलंय.

"तू रॉकहॅम्प्टनला जाऊन ते प्रशिक्षण केलं होतंस ना? दोष न देता लिहायचं."

"अर्धा दिवस. प्रमाणपत्र आणि एक सुक्या मेव्याची वडी."

"हे घे. तीन वाजेपर्यंत वरच्या ऑफिसला जायला हवं. त्यांना आता 'तू हे केलंस' चालत नाही."

कागदावर लिहिलं होतं:

सेइनी, तू नेहमी घाई करतेस. तू ट्रे तपासला नाहीस. तुझ्या निष्काळजीपणामुळे एका रहिवाशाचा जीव धोक्यात आला. तुला हे तिसऱ्यांदा सांगावं लागतंय.

सालासेइनीला आम्ही सेइनी म्हणतो. ती फिजीतल्या तावेउनी बेटावरची, सरकारी योजनेतून इथे वृद्धांच्या सेवेला आलेली. तिच्या व्हिसावर आमच्या वृद्धाश्रमाचं नाव आहे. तिसरं ताकीदपत्र म्हणजे नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की योजनेने दुसरीकडे कुठे जागा शोधून दिली तर ठीक, नाहीतर विमान. तिच्या तीन पोरांची शाळा त्या पगारावर चालते, हे सगळ्यांना माहीत होतं, ग्लेनिसलाही.

"आधीची दोन कशाची होती?" मी विचारलं.

"पहिलं उशिरा आली म्हणून. दुसरं मिसेस पेटिग्रूला जेवण भरवायला एकोणीस मिनिटं लावली म्हणून. आठ ठरलेली आहेत."

"म्हणजे दुसऱ्या पत्रात ती हळू आहे आणि तिसऱ्यात नेहमी घाई करते."

ग्लेनिसने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "तुला फक्त शब्द बदलायला बोलावलंय, बाळ."

मी शब्द बदलले. दहा मिनिटं लागली, कारण त्यातली सात मी खुर्ची वरखाली करत होतो. नवीन मजकूर असा:

घाई झाली. ट्रेची तपासणी झाली नाही. एक सॉसेज खोली बारामध्ये गेलं.

"वा," ग्लेनिस म्हणाली. "किती सभ्य. कुणाचं नाव नाही, काही नाही. हेच वर पाठवू, आणि खाली तिचं ताकीदपत्र जोडू."

मी ते परत वाचलं. सॉसेज गेलं. आपल्या पायांनी, टोपी घालून, वाटेत दोघांना नमस्कार करत. वाचताना मला खरोखरच किळस आली, आणि लक्षात घ्या, माझं रोजचं काम काय आहे. ग्लेनिसचा कागद निदान तोंडावर थुंकत होता. माझा कागद थुंकी पुसून, तोच रुमाल सेइनीच्या खिशात ठेवत होता. घाई कुणाची, तपासणी कुणाची, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. मी 'तू' काढला होता आणि दोष तिथेच ठेवला होता, वर थोडी पावडर लावून. साच्यातला मटारच तो.

पाकिटात त्या प्रशिक्षणाचं कार्ड होतं. शिकवणाऱ्या बाईने ते प्लास्टिकमध्ये घालून दिलं होतं, बहुधा आमच्या हातांचा अंदाज घेऊन. त्यावर लिहिलं होतं: कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच लिहा. किती वाजता, कुठे, काय होतं, कुणासमोर काय होतं, त्यातून काय झालं. 'नेहमी' कॅमेऱ्यात दिसत नाही. 'निष्काळजी' दिसत नाही. आणि मागे: त्या जागी दुसरं शहाणं माणूस असतं तर त्यानेही तेच केलं असतं का? हो, तर माणूस बदलून काही होणार नाही.

माझ्या तीन वाक्यांत एकही वेळ नव्हती. मला काहीच माहीत नव्हतं.

"मला तासभर दे," मी म्हणालो.

"कशाला? झालं की."

"यात सॉसेज स्वतः चालत गेलंय, ग्लेनिस. वरचे लोक विचारतील."

हे तिला पटलं.

मी आधी ट्रेचं कार्ड शोधलं. ताटाबरोबर एक रंगीत कार्ड जातं: हिरवं म्हणजे साधं जेवण, केशरी म्हणजे दळलेलं, आणि त्यावर खोलीचा नंबर. नाव नाही. ही कार्डं सकाळी सातला छापतात. बारा नंबरच्या कार्डाचा रंग हिरवा होता, कारण सकाळी सात वाजता बारा नंबरमध्ये नोरीन राहत होती. साडेदहा वाजता तिची आणि क्लेमची खोली बदलली. क्लेमला उचलायला छताला टांगलेला पाळणा लागतो, तो बारामध्ये बसवला होता. नोरीनला नऊमधून बाग दिसते, ती खुशीने गेली. देखभालीच्या वहीत नोंद होती. नर्सच्या वहीत नोंद होती. स्वयंपाकघरात कुणी कळवलं नव्हतं, कारण कुठल्याच यादीत 'स्वयंपाकघराला कळवा' असं लिहिलेलं नव्हतं. म्हणजे आम्ही ताट बरोबर खोलीला पाठवलं. माणसं चुकीच्या खोलीत होती.

मग मी सेइनीला शोधलं. ती बेडपॅन धुण्याच्या खोलीत होती. तिथल्या यंत्राचं झाकण नीट बसत नाही, म्हणून चालू असताना त्यातून गरम वाफ येते आणि ती वाफ कशाची आहे हे माहीत असूनही श्वास घ्यावाच लागतो.

"पत्र आणलंस?" तिने मागे न बघता विचारलं.

"नाही. विचारायला आलोय. काल ट्रे घेऊन बारापाशी पोचलीस तेव्हा काय झालं?"

"तुला कशाला हवंय? ग्लेनिसने ठरवलंय."

"वाक्यं लिहायला हवंय. वेळेसकट."

तिने हातमोजे काढले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्या यंत्रातून आलोय. "आत क्लेम होता. मला माहीत आहे तो दळलेलं खातो. मी झाकण उघडलं, सॉसेज दिसलं. म्हणजे बघ, मी तपासलं."

"तपासलंस?" ग्लेनिसच्या कागदावरचं दुसरं वाक्यच खोटं होतं.

"हो. पण कार्ड हिरवं होतं. आणि तासाभरापूर्वी ती गिळणं तपासणारी बाई त्याच्याकडे येऊन गेली होती, मी बघितली. मला वाटलं, बदललं असेल. क्लेमला विचारलं. तो म्हणाला, हो, बदललं, आजपासून सॉसेज."

"तो खोटं बोलला."

"त्याला सॉसेज हवं होतं," सेइनी म्हणाली. "तुझं ते राखाडी तू अठरा महिने खा, मग बोलू."

"नर्सला का नाही विचारलंस?"

"नर्स औषधं वाटत होती. लाल जाकीट."

औषधं वाटताना आमची नर्स लाल जाकीट घालते. पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: औषधं देत आहे, बोलू नका. कारण मागे कुणीतरी मध्येच बोललं आणि गोळ्या चुकल्या. चांगला नियम आहे.

"मग?"

यंत्राने एक लांब ढेकर दिला.

"मग काय, सेइनी?"

"जाऊ दे ना."

"इथे या वासात उभा आहे मी. जाऊ देऊन कुठे जाणार?"

"मग मी स्वयंपाकघरात फोन केला," ती म्हणाली. "दोनदा. अकरा अठ्ठावन्न, अकरा एकोणसाठ. माझ्या फोनमध्ये आहे. कुणी उचलला नाही. ताट गार होत होतं, मागे अजून सहा ताटं होती. दिलं."

तो फोन मला आठवला. भिंतीवरचा, माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर. तो वाजला होता, बंद झाला होता, पुन्हा वाजला होता. वर पाटी आहे: ताटं भरताना फोन उचलू नका. कारण मागे कुणीतरी फोनवर बोलताना साखरेच्या जागी मीठ टाकलं. चांगला नियम आहे. मी मटार भरत होतो, दाणा दाणा. फोन वाजतोय हे कळत असूनही मी मटार भरत राहिलो.

"हे ग्लेनिसला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, स्वयंपाकघरात कोण होतं."

"मी होतो."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. माझं तिसरं पत्र आहे. तुझं पहिलं कशाला?" तिने हातमोजे परत घातले. "जा आता, झाकण उघडायचंय."

मी बाहेर आलो आणि चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन उलट्या पिंपावर बसलो. लिहायला लागलो तेव्हा पहिला मसुदा फार सुंदर झाला. सात वाजता छापलेलं कार्ड, साडेदहाला बदललेल्या खोल्या, लाल जाकीट, सगळं होतं. फोन नव्हता. फोन नसतानाही सेइनी सुटत होती, अर्धी तरी. आणि मी लिहिलं होतं: 'स्वयंपाकघराशी संपर्क होऊ शकला नाही.' किती साफ वाक्य. जणू मध्ये समुद्र होता.

दोष न देता लिहिण्याची हीच घाण आहे. लोकांना वाचवायला शिकवतात, आणि पहिल्या तासात माणूस स्वतःलाच वाचवायला शिकतो.

मी ते खोडलं आणि लिहिलं: '११:५८ आणि ११:५९ ला सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्याने स्वयंपाकघरात फोन केला. फोन ऐकू आला. स्वयंपाकघरातल्या कर्मचाऱ्याने (डार्सी) तो उचलला नाही. ताटं भरताना फोन उचलायचा नाही अशी लेखी सूचना तिथे लावलेली आहे. त्याच वेळी नर्सशी बोलायला मनाई होती. त्यामुळे ११:४५ ते १२:१५ या वेळात शंका आली तर विचारायला इमारतीत कुणीही नसतं.'

शेवटचं वाक्य लिहिल्यावर मी ते दोनदा वाचलं. रोज अर्धा तास. दोन चांगले नियम एकमेकांकडे पाठ करून बसलेले, आणि त्यांच्या मध्ये जेवणाचा ट्रे. सेइनीला काढून तिथे कुणालाही उभं केलं असतं, खुद्द त्या प्रशिक्षणवाल्या बाईला, तरी तिनेही क्लेमचंच ऐकलं असतं.

एकच गोष्ट उरली होती. कार्डावर नाव का नाही? मी जुन्या सूचनांची फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत नावं होती. मग खासगीपणा जपायचा म्हणून काढली. सूचनेखाली सही होती: ग्लेनिस टॅरंट.

इथे मला फार आनंद झाला, हे कबूल करतो. मी लिहूनही टाकलं: 'ग्लेनिस, तू स्वतः नावं काढलीस आणि आता दुसऱ्याच्या नावाने पत्र काढतेस.' कागदावर ते इतकं चविष्ट दिसत होतं की मी ते थोडा वेळ तसंच ठेवलं. मग प्रशिक्षणाच्या कार्डाकडे बघितलं. हा तर तिचाच कागद होता, फक्त अक्षर माझं. मी खोडून लिहिलं: 'कार्डावर दोन वर्षांपासून नाव नसतं. खोली बदलली तर कार्डावरून ते ताट कोणत्या रहिवाशाचं हे ओळखता येत नाही. ज्या कारणाने नावं काढली ते कारण अजून आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला नाव लावून खासगीपणाही जपता येईल.' याला मटारइतकी चव होती.

अडीच वाजता ग्लेनिसने तो कागद वाचला. सेइनीलाही बोलावलं होतं. ती दाराशी उभी होती, हात एप्रनला पुसत. ग्लेनिसपुढे टेबलावर तिसरं पत्र तयार होतं, फक्त कारणाची ओळ कोरी. ती आमच्या कागदात ते कारण शोधत होती हे तिच्या बोटावरून दिसत होतं. बोट प्रत्येक ओळीवर थांबायचं, टकटक करायचं आणि पुढे जायचं.

"झाकण उघडून बघितलं?" तिने सेइनीला विचारलं.

"हो."

"आणि दोनदा फोन केला?"

सेइनीने फोन पुढे धरला. ग्लेनिसने बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "आणि तू मटार करत होतास."

"हो."

"ही ओळ तू स्वतःहून घातलीस? मूर्ख आहेस का?"

"कॅमेऱ्यात दिसलो असतो."

तिने पुढे वाचलं. कार्डाच्या ओळीपाशी बोट थांबलं ते थांबलंच. तिथे तिचं नाव नव्हतं. तिला ते दिसत होतं, अगदी सहीसकट. गोळी चघळणं बंद झालं.

"एक चूक आहे यात," सेइनी दारातून म्हणाली. तिने आधी वाचला होता. "क्लेमचं. डार्सीने लिहिलंय, रहिवाशाने खोटी माहिती दिली. तसं नको. रहिवाशाने सांगितलं की जेवण बदललंय, एवढंच. आणि पुढे लिहा की अठरा महिने दळलेलं खातोय आणि त्याला सॉसेज हवंय. परत विचारेल तो. त्या गिळण्याच्या बाईला विचारा, काही जमतं का."

"तुझी नोकरी चाललीय आणि तुला क्लेमच्या सॉसेजची पडलीय," ग्लेनिस म्हणाली.

"हो," सेइनी म्हणाली.

मी दुरुस्ती केली. ग्लेनिसने सगळं संगणकात भरलं. पाठवायचं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'जबाबदार व्यक्ती' ही जागा रिकामी ठेवता येणार नाही.

वरच्या ऑफिसने 'तू' म्हणायचं नाही हे शिकायला मला रॉकहॅम्प्टनला पाठवलं होतं, आणि फॉर्म मात्र जुनाच ठेवला होता. त्या चौकोनात नाव लागणार होतं. एकच. ग्लेनिसने सवयीने 'सा' टाइप केलं, आणि संगणकाने लगेच मदतीला धावून पूर्ण नाव पुढे केलं, आडनावासकट.

सेइनी पडद्याकडे बघत होती.

"आता करायचं काय आहे?" मी विचारलं. "कार्डांवर नाव. खोली बदलली की स्वयंपाकघराला कळवायचं. जेवणाच्या वेळी एक फोन कुणीतरी उचलायचा. हे कुणाच्या हातात आहे? सेइनीच्या नाही. माझ्या नाही. मला सोमवारी साच्यांची संख्या ठरवायलाही परवानगी लागते."

ग्लेनिसने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग तिने सेइनीचं नाव एक एक अक्षर मागे घेत पुसलं आणि तिथे स्वतःचं नाव घातलं. तोंड असं केलं, जणू नळीत अडकलेला दुसऱ्याच्या केसांचा गुंता चिमटीत धरून बाहेर ओढतेय, आणि तो संपतच नाहीये. बटण दाबलं. गेलं.

"माझं पत्र?" सेइनीने विचारलं.

"कसलं पत्र," ग्लेनिस तिच्याकडे न बघता म्हणाली आणि टेबलावरचा कागद उचलून त्यात तोंडातली गोळी थुंकली, घडी घातली, कचऱ्यात टाकली. "चहाची वेळ झाली. जा दोघं."